गो: लिबर्टी मोजायची कशी, सोंगटी मारायची कशी आणि ‘को’ ओळखायचा कसा

गो या खेळात पटावर एकदा ठेवलेली सोंगटी पुन्हा हलत नाही. बुद्धिबळातला घोडा उडी मारतो, प्यादे पुढे सरकते. इथे तसे काही नाही. जिथे ठेवली तिथेच ती डाव संपेपर्यंत राहते. पटावरून उचलली जाते ती एकाच कारणाने: समोरच्याने तिला पुरते कोंडले तर. म्हणून गो शिकताना सगळ्यात आधी यावे लागते ते मोजायला. एखादी सोंगटी कोंडली जायला अजून किती खेळ्या लागतील, हे ज्याला पटकन सांगता येते, त्याला मारण्याचा नियम वेगळा पाठ करावा लागत नाही. ‘को’ नावाचा जो प्रकार नवख्यांना सर्वात जास्त चक्रावून टाकतो, तोही या मोजणीतूनच उलगडतो.

अगदी थोडक्यात तयारी. पटावर १९ उभ्या आणि १९ आडव्या रेषा असतात, म्हणजे त्या जिथे एकमेकींना छेदतात असे ३६१ बिंदू. शिकणाऱ्यांनी ९ बाय ९ चा, ८१ बिंदूंचा छोटा पट घ्यावा. सोंगट्या चौकोनांत ठेवायच्या नसतात, छेदबिंदूंवर ठेवायच्या असतात. पटाच्या कडेवर आणि कोपऱ्यावर ठेवलेलीही चालते. एकाकडे काळ्या, दुसऱ्याकडे पांढऱ्या. काळा सुरुवात करतो आणि मग आळीपाळीने एकेक सोंगटी ठेवली जाते. शेवटी ज्याच्या ताब्यात जास्त जागा तो जिंकतो, पण जागेचा हिशोब आज बाजूला ठेवू.

लिबर्टी म्हणजे काय

सोंगटीला रेषेने थेट जोडलेला, लगतचा रिकामा बिंदू म्हणजे तिची एक लिबर्टी. पटाच्या मध्यभागी एकटी सोंगटी ठेवली तर वर, खाली, डावीकडे, उजवीकडे असे चार रिकामे बिंदू मिळतात, म्हणजे चार लिबर्टी. कडेवरच्या सोंगटीला तीन, कोपऱ्यातल्या सोंगटीला फक्त दोन. तिरका बिंदू मोजायचा नाही, कारण तिथे जाणारी रेषाच पटावर नाही. डोळ्यांना तिरके बिंदूही शेजारीच वाटतात, त्यामुळे सुरुवातीच्या निम्म्या चुका इथेच होतात. शंका आली की बोट रेषेवरून फिरवून पाहावे.

एकाच रंगाच्या दोन सोंगट्या रेषेने लगत आल्या की त्यांचा एक गट बनतो. गटाच्या सगळ्या लिबर्टी सामाईक असतात आणि गट एकतर अख्खा जगतो किंवा अख्खा मरतो. अर्धा गट मारणे असा प्रकार गोमध्ये नाही. तिरक्या मांडलेल्या दोन सोंगट्या मात्र एक गट नव्हेत. त्या कितीही जवळ दिसल्या तरी प्रत्येकीचा हिशोब वेगळा.

गटाची मोजणी करताना सोंगट्यांच्या संख्येला चारने गुणण्याचा मोह होतो, आणि उत्तर हमखास चुकते. मध्यभागी सरळ रेषेत दोन सोंगट्या असतील तर लिबर्टी सहा, तीन असतील तर आठ. पण त्याच तीन सोंगट्या काटकोनात मांडल्या तर सातच. कारण काटकोनाच्या आतल्या बाजूचा बिंदू दोन सोंगट्यांना लागून असतो, तरी बिंदू एकच आहे. त्यामुळे सोंगट्या मोजायच्या नाहीत. गटाभोवती फिरून रिकामे बिंदू मोजायचे, प्रत्येक बिंदू एकदाच.

पुढच्या आकृतीत ● काळी, ○ पांढरी आणि + रिकामा बिंदू. हा पटाच्या मधला एक तुकडा आहे, म्हणजे चारी बाजूंना पट पुढे चालूच आहे.

```
   अ ब क ड इ
१  + + + + +
२  + + ○ + +
३  + ● ● ○ +
४  + + ● + +
५  + + + + +
```

काळ्याच्या ब३, क३ आणि क४ या तीन सोंगट्यांचा काटकोनी गट आहे. मोकळ्या पटावर त्याला सात लिबर्टी असत्या. पांढऱ्याने क२ आणि ड३ या दोन अडवल्या आहेत. उरल्या पाच: ब२, अ३, ब४, क५ आणि ड४. यातला ब४ हा ब३ लाही लागून आहे आणि क४ लाही, पण मोजायचा एकदाच. आता पांढऱ्याकडे पाहा. क२ आणि ड३ एकमेकींना तिरक्या आहेत, म्हणून ते दोन स्वतंत्र गट. क२ ला क१, ब२ आणि ड२ या तीन लिबर्टी. ड३ ला ड२, इ३ आणि ड४ या तीन. ड२ हा बिंदू दोन्हींकडे मोजला गेला, आणि ते बरोबरच आहे, कारण गट दोन आहेत.

यातच दिसते की ब२ आणि ड४ हे बिंदू काळ्याचीही लिबर्टी आहेत आणि पांढऱ्याचीही. लिबर्टी कुणाच्या मालकीची नसते. तिथे जो सोंगटी ठेवतो तो समोरच्याची एक कमी करतो. काळ्याने ड४ वर सोंगटी ठेवली तर पांढऱ्या ड३ ला दोनच लिबर्टी उरतात. काळ्याच्या गटाचे काय होते? ड४ हा बिंदू भरला म्हणून एक कमी झाली, पण नव्या सोंगटीमुळे ड५ आणि इ४ हे दोन बिंदू नव्याने लागून आले. पाचाच्या सहा झाल्या. गट वाढवला की लिबर्टी वाढतेच असे मात्र समजू नका. नवी सोंगटी एक बिंदू खाते हे नक्की. बदल्यात किती मिळतात ते आजूबाजूला काय आहे त्यावर अवलंबून.

मारणे आणि अटारी

गटाची शेवटची लिबर्टी समोरच्याने भरली की तो गट मेला. त्याच्या सगळ्या सोंगट्या लगेच पटावरून उचलायच्या आणि ते बिंदू पुन्हा रिकामे होतात. जपानी पद्धतीत उचललेल्या सोंगट्या जपून ठेवतात, कारण शेवटी प्रत्येकीचा एक गुण मोजला जातो. चिनी पद्धतीत पटावरचे क्षेत्र मोजतात, त्यामुळे त्या परत डब्यात गेल्या तरी चालते.

एकच लिबर्टी उरलेला गट ‘अटारी’त आहे असे म्हणतात. बुद्धिबळात शह दिल्यावर राजा वाचवावाच लागतो, तशी सक्ती इथे नाही. अटारीतल्या सोंगट्या सोडून देऊन दुसरीकडे मोठी जागा घेणे पुष्कळदा फायद्याचे असते. वाचवायच्याच असतील तर नवखा खेळाडू बहुतेक वेळा न मोजता पळतो. पळण्याआधी एक प्रश्न विचारायचा: शेवटच्या लिबर्टीवर सोंगटी ठेवल्यावर किती लिबर्टी होतील? उत्तर एक असेल तर पळण्यात अर्थ नाही, पुढच्याच खेळीत आणखी एक सोंगटी घेऊन गट मरेल. दोन असतील तर समोरचा पुन्हा अटारी देऊ शकतो, म्हणून पुढची वाट नीट तपासावी. तीन असतील तर तूर्तास श्वास घ्यायला फुरसत आहे.

वरच्या कडेवर काळी सोंगटी क१ वर आहे आणि पांढऱ्या ब१ व क२ वर आहेत असे समजा. काळ्याला ड१ ही एकच लिबर्टी. तो ड१ वर सरकला तर गटाला इ१ आणि ड२ अशा दोन मिळतील. पण ड२ वर आधीच पांढरी असेल तर मिळेल फक्त इ१, म्हणजे पुन्हा अटारी. एक सोंगटी जाणार होती, आता दोन जातील. कडेवरून पळणे इतके महाग पडते ते यामुळेच.

मोजणीचा खरा कस लागतो तो दोन गट एकमेकांना कोंडत असतात तेव्हा. दोघांनाही सुटायला वाट नाही, दोघांच्या लिबर्टी तीन-तीन आणि त्यातली एकही सामाईक नाही, असे धरा. काळ्याची पाळी आहे. काळा एक भरतो, पांढऱ्याच्या दोन उरतात. पांढरा एक भरतो, काळ्याच्या दोन. काळा आणखी एक भरतो, पांढरा अटारीत. पांढरा भरतो, काळाही अटारीत, पण पाळी काळ्याची आहे. तो शेवटची भरतो आणि पांढरा गट उचलतो. म्हणजे बरोबरी असेल तर ज्याची पाळी तो जिंकतो. पांढऱ्याकडे चार असत्या तर काळा हरलाच असता, म्हणून त्याने या शर्यतीत एकही खेळी वाया घालवायला नको होती.

आधी समोरच्याच्या उचला, मग आपल्या पाहा

आता जो मुद्दा येतो तो पक्का झाल्याशिवाय को कळत नाही, म्हणून इथे थोडे थांबू. सोंगटी ठेवल्यावर हिशोब एका ठरलेल्या क्रमाने होतो. आधी पाहायचे की समोरच्याचा कुठला गट लिबर्टीविना उरला का. उरला असेल तर तो उचलायचा. त्यानंतरच आपण ठेवलेल्या सोंगटीच्या लिबर्टी मोजायच्या. पटाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातली ही आकृती पाहा.

```
   अ ब क ड
१  + ○ ● +
२  ○ ● ● +
३  ● + + +
```

अ१ हा कोपऱ्यातला रिकामा बिंदू. त्याला लागून ब१ आणि अ२ हे दोनच बिंदू आणि दोन्हींवर पांढऱ्या. काळ्याने तिथे सोंगटी ठेवली तर तिला एकही लिबर्टी नाही. तरी ही खेळी चालते. कारण ब१ वरच्या पांढरीला अ१ सोडून दुसरी लिबर्टी नव्हती, आणि अ२ वरचीलाही नव्हती. काळ्याने अ१ भरताच दोन्ही मेल्या. त्या उचलल्या की काळ्याच्या नव्या सोंगटीला ब१ आणि अ२ या दोन लिबर्टी मिळतात. एका खेळीत दोन वेगवेगळे गट गेले.

आता ब२ वरची सोंगटी तेवढी बदलू आणि क२ रिकामा करू.

```
   अ ब क ड
१  + ○ ● +
२  ○ ○ + +
३  ● + + +
```

तिन्ही पांढऱ्या आता जोडलेल्या आहेत आणि त्यांना अ१, क२ आणि ब३ अशा तीन लिबर्टी आहेत. काळ्याने आत्ता अ१ वर ठेवली तर पांढऱ्याच्या दोन उरतात, म्हणजे उचलायला काही नाही, आणि काळ्याची सोंगटी मात्र लिबर्टीविना. ही आत्महत्या झाली. जपानी, चिनी आणि कोरियन नियमांत ती खेळताच येत नाही. न्यूझीलंडच्या नियमांसारख्या काही नियमांत स्वतःचा एकाहून मोठा गट असा मारून घेता येतो, पण तो क्वचितच उपयोगी पडतो. काळ्याला हा गट मारायचाच असेल तर आधी बाहेरच्या क२ आणि ब३ भराव्या लागतील. त्या भरल्या की तोच निषिद्ध अ१ खेळता येतो आणि तीन सोंगट्या उचलता येतात. बाहेरच्या लिबर्टी आधी, आतली शेवटी.

जाता जाता: एखाद्या गटाच्या पोटात असे दोन वेगवेगळे, एकमेकांना न जोडलेले रिकामे बिंदू असतील तर त्याला कधीच मारता येत नाही. एक भरायला जावे तर दुसरी लिबर्टी शिल्लक असते, म्हणून दोन्हींपैकी कुठलीच खेळी चालत नाही. या बिंदूंना ‘डोळे’ म्हणतात. त्यावर लिहायचे तर वेगळा लेख लागेल.

को

आता मधल्या पटावरची ही रचना.

```
   अ ब क ड
२  + ● ○ +
३  ● + ● ○
४  + ● ○ +
```

क३ वर काळी सोंगटी आहे. तिच्या वर, खाली आणि उजवीकडे पांढऱ्या. डावीकडे ब३ रिकामा. म्हणजे ती अटारीत आहे. पाळी पांढऱ्याची. तो ब३ वर सोंगटी ठेवतो. ब३ च्या चारी बाजूंना काळ्या, म्हणजे तिला स्वतःची लिबर्टी नाही; पण क्रम आठवा. आधी समोरच्याच्या पाहायच्या. काळ्या क३ ची शेवटची लिबर्टी भरली गेली, ती मेली, उचलली. पट आता असा दिसतो.

```
   अ ब क ड
२  + ● ○ +
३  ● ○ + ○
४  + ● ○ +
```

नीट पाहा: पांढऱ्या ब३ ला आता एकच लिबर्टी आहे, क३. ती अटारीत आहे. काळ्याने क३ वर सोंगटी ठेवली तर ती ब३ ला मारेल आणि पट तंतोतंत पहिल्या आकृतीसारखा होईल. मग पांढरा पुन्हा ब३, काळा पुन्हा क३, आणि हे कितीही वेळ चालेल. दोघांपैकी एकही चुकत नाही, प्रत्येक खेळी मारण्याच्या नियमात बसते, आणि डाव मात्र जागचा हलत नाही. या रचनेला ‘को’ म्हणतात, आणि तिच्यासाठी एक जादा नियम करावा लागला: कोमध्ये सोंगटी मारली गेल्यावर, मारणारी सोंगटी लगेच पुढच्या खेळीत उलट मारता येत नाही. आधी एक खेळी दुसरीकडे कुठेतरी खेळावी लागते. तोवर पट बदललेला असतो, म्हणून त्यानंतर परत मारले तरी जुनी स्थिती जशीच्या तशी येत नाही.

मधल्या पटावर को व्हायला कोंडणाऱ्या सहा सोंगट्या लागतात, तीन काळ्या आणि तीन पांढऱ्या. कडेवर चार पुरतात आणि कोपऱ्यात तीन, कारण तिथे पटाची हद्दच एक-दोन बाजू अडवते. त्यामुळे कोपऱ्यातला को ओळखीच्या आकाराचा दिसत नाही आणि नजरेतून सुटतो. आकृती पाठ करण्यापेक्षा तीन गोष्टी तपासणे भरवशाचे. मारली गेलेली सोंगटी एकच होती का? मारणारी सोंगटी एकटी आहे का, म्हणजे आपल्या कुठल्याही गटाला जोडलेली नाही ना? आणि जिथून सोंगटी उचलली तो बिंदू हीच तिची एकमेव लिबर्टी आहे का? तिन्हींचे उत्तर ‘हो’ असेल तर तो को आहे. एकाचेही ‘नाही’ आले तर नाही.

को वाटतो, पण नसतो

ही तपासणी उपयोगी पडते ती पुढच्यासारख्या जागी. हा वरच्या कडेचा तुकडा आहे. अ स्तंभाच्या डावीकडे पट चालू आहे आणि तिकडे पांढऱ्याचा भक्कम गट आहे असे धरा.

```
   अ ब क ड इ
१  ○ ○ + + ●
२  ○ ● ○ ○ ●
३  ○ ● ● ● ●
```

क२ आणि ड२ या दोन पांढऱ्या सोंगट्यांना क१ आणि ड१ अशा दोन लिबर्टी आहेत. पांढऱ्याची पाळी असती तर तो क१ वर ठेवून ब१ शी जोडला गेला असता आणि वाचला असता. पण पाळी काळ्याची आहे. काळ्याने ड१ वरून अटारी दिली तर पांढरा क१ वर जोडून घेईल. म्हणून काळा उलट करतो: क१ वर, पांढऱ्याच्या जबड्यातच, सोंगटी टाकतो. तिला ड१ ही एकच लिबर्टी आहे, म्हणजे ती स्वतः अटारीत. पण क२-ड२ च्या गटालाही आता ड१ हीच एक उरली.

पांढरा ड१ वर ठेवून काळी क१ मारतो. एकच सोंगटी गेली, आणि नवखा काळा खेळाडू इथे हात आखडता घेतो, को झाला असे समजून. पण पाहा: ड१ वरची पांढरी एकटी नाही. ती ड२ ला जोडलेली आहे. क२, ड२ आणि ड१ मिळून तीन सोंगट्यांचा गट झाला आणि त्याला क१ ही एकच लिबर्टी आहे. काळा लगेच क१ वर पुन्हा ठेवतो आणि तिन्ही उचलतो. पांढऱ्याने एक मारली, काळ्याने तीन. पट आधीसारखा होत नाही, म्हणून नियम आड येत नाही. याला स्नॅपबॅक म्हणतात, आणि माझ्या मते नवख्याला को पक्का समजला की नाही हे पाहायला याहून चांगली परीक्षा नाही.

उलटी गफलतही होते. को एका बिंदूपुरता असतो. पटावर दुसरीकडे वेगळा को चालू असेल तर तो तुम्ही आत्ताच मारू शकता. बंदी फक्त नुकत्याच मारलेल्या सोंगटीच्या जागेवर. आणि बंदी एका खेळीपुरतीच असते.

मग को जिंकायचा कसा

लगेच परत मारता येत नाही, मधे एक खेळी दुसरीकडे खेळावी लागते, हे खरे. पण ती खेळी फुसकी असली तर पांढरा तिच्याकडे पाहणारही नाही. तो कोच्या दुसऱ्या आकृतीत क३ वर सोंगटी ठेवून जोडून घेईल, आणि को संपेल. म्हणून काळ्याने अशी खेळी शोधावी लागते की जिला उत्तर दिले नाही तर पांढऱ्याचे दुसरीकडे नुकसान होईल. हिला कोची धमकी म्हणतात. एक लढत पायरी-पायरीने पाहू. या कोवर काळ्याच्या दहा सोंगट्यांचा जीव अडकला आहे असे धरा: को काळ्याने जिंकला तर त्या जगतात, हरला तर मरतात.

पांढऱ्याने ब३ वरून को घेतला आहे. काळा पटाच्या दुसऱ्या टोकाला पांढऱ्याच्या बारा सोंगट्यांच्या गटाला अटारी देतो. पांढरा विचार करतो: को जोडून घेतला तर दहा काळ्या मिळतील, पण इथे बारा जातील. तो अटारीतून गट वाचवतो. आता मधे एक खेळी होऊन गेली, म्हणून काळा क३ वर ठेवून को परत घेतो. बंदी आता पांढऱ्यावर. तो धमकी शोधतो आणि काळ्याच्या चार सोंगट्यांना अटारी देतो. काळा हिशोब करतो. जपानी मोजणीत चार सोंगट्या गेल्या तर चार गुण उचललेल्या सोंगट्यांचे आणि चार त्यांच्या मोकळ्या झालेल्या जागांचे, ढोबळमानाने आठ गुण. दहा सोंगट्या गेल्या तर वीस. काळा धमकीकडे दुर्लक्ष करून ब३ वर सोंगटी ठेवतो. क३ आता अ३, ब२, ब४ या सगळ्यांशी जोडली गेली, को मिटला, दहाही सोंगट्या जगल्या. पांढरा त्या चार उचलतो. एकाला मोठे, दुसऱ्याला छोटे, असा तो सौदा झाला.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. को सुरू करण्याआधीच दोघांच्या धमक्या मोजाव्या लागतात, आणि धमकी कोपेक्षा मोठी असेल तरच ती धमकी. ज्याने को आधी घेतला त्याला एका धमकीचा फायदा असतो, कारण पहिली धमकी शोधायची पाळी दुसऱ्यावर येते. नवखे खेळाडू डावाच्या मध्यात गंमत म्हणून अटारी देत सुटतात. समोरचा उत्तर देतो, नुकसान काहीच दिसत नाही. पण त्या प्रत्येक वेळी को-धमकी म्हणून कामी आली असती अशी एक खेळी खर्च झालेली असते, आणि को आल्यावर हाताशी काही उरत नाही.

सगळेच को असे जिवावरचे नसतात. डावाच्या अगदी शेवटी एका सोंगटीपुरते को उरतात, ज्यात हरले तरी कुणाचा गट मरत नाही. बरोबरीच्या डावात असा कोही निकाल फिरवू शकतो, म्हणून तोही शेवटपर्यंत लढला जातो. तिथे मग अगदी लहान धमकीही पुरते.

एक अडचण मात्र साध्या को-नियमाने सुटत नाही. पटावर एकाच वेळी तीन को चालू असले आणि तिन्ही सोडणे दोघांनाही परवडत नसले, तर प्रत्येक जण आळीपाळीने वेगळा को घेत राहतो. कुठलीही सोंगटी ‘लगेच’ परत मारली जात नाही, तरी सहा खेळ्यांनी पट फिरून पहिल्या जागी येतो. जपानी नियमांत अशा वेळी दोघांची संमती असेल तर डाव निकालाविना सोडून पुन्हा खेळतात. अमेरिकन आणि न्यूझीलंडच्या नियमांत तिढा मुळातच टाळला आहे: पटाची पूर्वी आलेली कुठलीही स्थिती, पुढची पाळीही त्याच खेळाडूची असताना, पुन्हा आणणारी खेळीच तिथे निषिद्ध, मग ती स्थिती कितीही खेळ्यांपूर्वीची असो. हा प्रसंग दुर्मीळ आहे. जपानमध्ये तिहेरी को अशुभ मानतात, आणि त्यामागे एक दंतकथा सांगतात की १५८२ साली क्योतोच्या होन्नो-जी मंदिरात बलाढ्य सरदार ओदा नोबुनागासमोर होनिन्बो सान्सा आणि रिगेन यांच्या डावात तिहेरी को झाला आणि त्यानंतर लगेच नोबुनागाचा घात झाला. त्या डावाची म्हणून जी नोंद आज दाखवली जाते, तिच्यात मात्र तिहेरी को नाही.